मनगटावरून अंगाची चण

अंगाची चण म्हणजे सांगाड्याची रुंदी आणि जाडी. ती लहान, मध्यम की मोठी, हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे उंचीला मनगटाच्या घेराने भागणे. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेतात. स्त्रियांमध्ये भागाकार ११ च्या वर आला तर चण लहान, १०.१ ते ११ आला तर मध्यम आणि त्याखाली मोठी मानतात. पुरुषांसाठी हेच आकडे १०.४ आणि ९.६ आहेत.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. टेप त्यावरून न नेता त्याच्या किंचित पुढे, पंजाच्या बाजूला, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही असा गुंडाळावा. ही काळजी का घ्यायची, ते एका उदाहरणावरून दिसते. १६० सेंमी उंचीच्या स्त्रीचे मनगट १५ सेंमी भरले तर भागाकार १०.७ येतो, म्हणजे चण मध्यम. तेच माप १४.५ आले की ती लहान चणीची ठरते आणि १६ आले की मोठ्या. टेप थोडा सैल धरला किंवा मनगटावर सूज असली, तरी गट बदलू शकतो. वजन वाढले की मनगटावरही थोडी चरबी चढते, म्हणून हे माप निव्वळ हाडाचे नसते.

चणीनुसार वजन ठरवण्याची कल्पना विम्याच्या धंद्यातून रूढ झाली. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४०च्या दशकात उंचीनुसार वजनाचे तक्ते काढले आणि त्यात चणीचे तीन रकाने ठेवले, पण चण मोजायची कशी हे सांगितलेच नाही. १९८३च्या तक्त्यांत त्यासाठी कोपराच्या हाडाची रुंदी घेतली गेली. कोपरावर चरबी कमी साठत असल्याने ते माप मनगटापेक्षा भरवशाचे आहे.

मग निरोगी वजनाची मर्यादा चणीने बदलते का? फारशी नाही. आहारतज्ज्ञांच्या एका जुन्या सूत्राने वरच्या स्त्रीचे वजन सुमारे ५२ किलो असावे आणि चणीनुसार त्यात दहा टक्के कमीजास्त करावे. म्हणजे ४७ ते ५७ किलो. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय हा निर्देशांक १८.५ ते २४.९ धरला तर याच उंचीला ४७ ते ६४ किलो वजन निरोगी ठरते. चणीने पडणारा सगळा फरक या पट्ट्यातच मावतो. लहान चणीची स्त्री पट्ट्याच्या खालच्या भागात आणि हाडापेराने मजबूत स्त्री वरच्या भागात असणे स्वाभाविक आहे, आणि चणीचा खरा उपयोग एवढाच.

त्यामुळे हीच स्त्री ७५ किलोची असेल, तर ‘माझी हाडेच जड आहेत’ हे कारण पुरत नाही. प्रौढ स्त्रीच्या हाडांतील खनिजांचे वजन साधारण दोन ते तीन किलो असते. मोठ्या चणीबरोबर स्नायूही थोडे जास्त येतात, तरी पट्ट्यावरचे अकरा किलो त्यातून निघत नाहीत. अशा वेळी मनगट सोडून कंबर मोजावी. तिचा घेर उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे इथे ८० सेंमीहून, जास्त भरला तर वाढलेले वजन पोटावरच्या चरबीचे असण्याची शक्यता मोठी असते.