गोळी टाकली, तरी जुलाब लागले

जुलै लागला की खानापूरकडच्या आडांचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. शेतातली माती, पालापाचोळा, गोठ्यासमोरचं पाणी, सगळं उतारानं येऊन आडात मिळतं. अशाच एका पावसाळ्यात आमच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, पाण्यात क्लोरीनची गोळी रोज टाकतोय की हो मी, मग पोराला जुलाब कसे लागले?"

त्यांचं पिंप 20 लिटरचं. गोळी 67 मिलिग्रॅमची, पाकिटावर '20 लिटरसाठी' असं छापलेलं. अशा गोळीतून साधारण 40 मिलिग्रॅम क्लोरीन सुटतो, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम. स्वच्छ पाण्याला एवढा पुरतो आणि वर थोडा शिल्लकही राहतो. पण क्लोरीनला जंतू आणि शेणमाती यातला फरक कळत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी तो आधी झटतो. ग्रामपंचायतीच्या वॉटरमनकडून तपासणीचा संच मागून आणला. गोळी टाकून अर्धा तास झाला होता. नळीत औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमचं गढूळच राहिलं. सगळा क्लोरीन चिखलानं खाऊन टाकला होता.

मग गोळ्या वाढवायच्या का? घरात फिल्टर नसेल तर तेच करायचं: पाणी निवळू द्यायचं, जाड सुती कापडातून गाळायचं आणि दुप्पट मात्रा द्यायची. पण त्यानंही एक पाहुणा मरत नाही. गुराढोरांच्या, विशेषतः वासरांच्या शेणातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जाड कवचात बसलेला असतो. गोळीच्या मात्रेला तो कित्येक दिवस दाद देत नाही, आणि आपण थांबतो अर्धा तास. गोठ्याजवळच्या आडाला ही खरी भीती.

इथे फिल्टरची कँडल कामाला येते. हा परजीवी 4 ते 6 मायक्रॉनचा, आणि चांगल्या कँडलची छिद्रं साधारण 1 मायक्रॉनच्या आत असतात, त्यामुळे तो बाहेरच अडकतो. बरेचसे जिवाणूही अडकतात. स्वस्त कँडलची छिद्रं मोठी असतात, तिथे जिवाणूंचा भरवसा धरू नये. विषाणू मात्र चांगल्या कँडलमधूनही आरामात पार होतात. काविळीचा हिपॅटायटिस ए मायक्रॉनच्या शंभराव्या भागात मोजायचा जीव, जेमतेम तीन भाग. हे विषाणू क्लोरीननं मात्र लवकर मरतात. म्हणजे कँडलला जे जमत नाही ते गोळीला जमतं, आणि गोळीला जे जमत नाही ते कँडलला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कापड, मग कँडल, आणि गाळून खाली आलेल्या पाण्यात शेवटी गोळी. वरच्या भांड्यात गोळी टाकणारे खूप भेटतात. कँडलमध्ये कोळशाची पूड असेल तर ती क्लोरीन शोषून घेते आणि खालच्या पाण्याला राखणदारच उरत नाही. वहिनींनी क्रम बदलला. दुसऱ्या दिवशी गाळलेल्या पाण्यात तीच एक गोळी टाकली, अर्ध्या तासानं थेंब टाकले, तर नळी पिवळी झाली. किंचित वास येतो, तो येऊ द्यावा.

कँडलला तडा असेल तर मात्र हे सगळं व्यर्थ, आणि बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. कँडल भिजवून पाण्यात बुडवा आणि तिच्या नळीतून हलकी फुंकर मारा. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे फट आहे, कँडल बदला. बसवताना खालचा वायसर नीट आवळला नाही, तर पाणी कँडलला वळसा घालून सरळ खाली उतरतं. धुताना मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी बस, साबण नको.

आमच्या आईला यातलं काही पटत नाही; तिचं म्हणणं, "उकळलं की झालं." तशी ती बरोबरच आहे. उकळण्यानं परजीवी, जिवाणू, विषाणू तिन्ही मरतात, गढूळ पाण्यातलेसुद्धा. वीस मिनिटं गॅस जाळायची मात्र गरज नाही. बेळगावच्या उंचीवर पाणी 97-98 अंशालाच उकळतं, तरी खळखळून एक मिनिट पुरे. (शेतातली रासायनिक खतं, औषधं यांपैकी कशानंच पुरती निघत नाहीत, उकळल्यावर उलट थोडी दाट होतात.)

उकळलेल्या पाण्याची अडचण थंड झाल्यावर सुरू होते. क्लोरीनसारखं त्यात मागे काही राखण करायला राहत नाही. आईचं पातेलं रात्री ओट्यावर उघडंच निवत असे, आणि सकाळी नातू शेणामातीच्या हातानं पेला थेट आत बुडवत असे. आता त्यावर झाकण आहे, आणि लांब दांड्याचं ओगराळं वरच्या खिळ्याला अडकवलंय, पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंच.