द्विभाषिक स्लाइड : मराठी-इंग्रजी अक्षरांचा आकारमेळ

एकाच स्लाइडवर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी ठेवताना दोन्ही लिप्या डोळ्यांना सारख्याच मोठ्या दिसाव्यात, यासाठी त्यांचे आकार आणि ओळींमधले अंतर जुळवण्याची पद्धत.

दोन लिप्या एकाच पानावर बसवण्याचा प्रश्न छपाईइतकाच जुना आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला, तेव्हाही हा प्रश्न होताच. संगणकावर मात्र त्याला आजचे रूप साधारणतः २००० नंतर, युनिकोड देवनागरी रुळू लागल्यावर आले असावे. त्याआधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागा वापरत, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला फॉन्ट आणि आकार हातानेच द्यावा लागे.

आकार कशाशी जुळवावा? दोन्ही मजकुरांना २४ पॉइंट दिले म्हणजे आकार सारखा झाला, असे होत नाही. पॉइंटचा आकडा अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीचा असतो. देवनागरीत त्या चौकटीतली बरीच जागा वर वेलांटी, मात्रा, रफार यांना आणि खाली उकार, जोडाक्षरे यांना द्यावी लागते. म्हणून शिरोरेषेपासून तळापर्यंतचे अक्षर पुष्कळ फॉन्टमध्ये लहान पडते. मंगलमध्ये हे चटकन जाणवते.

मोजायचे माप कोणते, यावर मात्र एकमत नाही. एक मत असे की मराठी अक्षराची उंची इंग्रजी लहान लिपीतल्या x एवढी असावी, कारण वाचताना डोळा मुख्यतः त्याच पट्ट्यावरून सरकतो. दुसरे मत मोठ्या लिपीतल्या H शी जुळवण्याचे. दोन्हींचा परिणाम एका उदाहरणात पाहता येतो. समजा, २०० पॉइंटला टंकलेल्या x, H आणि म या अक्षरांवर आयत काढून त्यांची उंची वाचली आणि ती अनुक्रमे ३.६, ५.० व ३.९ सेंमी भरली. इंग्रजी २४ पॉइंट ठेवल्यास x च्या हिशेबाने मराठी २२ पॉइंट येते आणि H च्या हिशेबाने सुमारे ३१. बावीसला जोडाक्षरांच्या गाठी मागच्या रांगेतून सुटत नाहीत. एकतीसला मराठी बाजू शीर्षकासारखी अंगावर येते. दोन्ही उंचींचा मध्य ४.३ सेंमी धरला तर मराठी २६ पॉइंट ठरते. स्लाइडपुरते हे मधले माप अधिक ग्राह्य वाटते. प्रत्येक फॉन्टजोडीसाठी ते नव्याने काढावे लागते. आकार वाढला की रेघही जाड होते. मराठी बाजू काळपट दिसू लागली तर आकडा कमी न करता फॉन्टचे हलके वजन घ्यावे.

ओळींचा मेळ. ओळींमधले अंतर पटीत ठेवले तर प्रत्येक फॉन्ट स्वतःच्या चौकटीप्रमाणे ते मोजतो, आणि चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत दोन्ही स्तंभ एकमेकांपासून सरकलेले दिसतात. पॉवरपॉइंटमध्ये दोन्हीकडे `Line Spacing` मध्ये `Exactly` निवडून एकच आकडा द्यावा. वरच्या उदाहरणात ४० पॉइंट चालेल. आकडा मराठीवरून ठरवायचा. वरच्या ओळीत ‘ट्रू’ आणि तिच्या बरोबर खाली ‘र्कीं’ आले तरी उकार रफाराला टेकत नसेल, तर अंतर पुरेसे आहे. पहिल्याच ओळीत थोडा फरक उरला तर एका बाजूच्या मजकुराची चौकट `Ctrl` आणि बाणाच्या कळीने किंचित सरकवावी.

पॉवरपॉइंटमधील मर्यादा. पॉवरपॉइंट रोमन आणि देवनागरीसाठी वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवतो, पण आकार एकच. वर्डमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांचा आकार स्वतंत्र देता येतो. इथे ती सोय नाही. त्यामुळे २४ आणि २६ हे आकडे दोन वेगळ्या चौकटींना द्यावे लागतात, आणि मराठी वाक्यात आलेला इंग्रजी शब्दही २६ चाच होतो. असा शब्द निवडून २४ करता येतो. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये दोन्ही लिप्यांचे आकार स्वतंत्र ठेवता येतात.

जुळवलेला मेळ बहुधा आपोआप आकुंचनामुळे मोडतो. मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला की पॉवरपॉइंट तेवढ्याच चौकटीतली अक्षरे लहान करतो. मराठी बाजूला एक मुद्दा वाढतो आणि २६ चे २३ होतात, इंग्रजी मात्र २४ वरच राहते. आकाराच्या खान्यात न दिलेला आकडा दिसला तर हेच घडले आहे असे समजावे. `Format Shape` → `Text Options` → `Text Box` येथे `Do not Autofit` निवडले की हे थांबते. मग जास्तीचा मजकूर छाटावा लागतो किंवा पुढच्या स्लाइडवर न्यावा लागतो.

दुसऱ्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नसेल तर त्याजागी दुसरा येतो आणि काढलेले प्रमाण लागू राहत नाही. फॉन्ट स्लाइडच्या फाइलमध्येच अंतर्भूत करणे किंवा पीडीएफ नेणे हे त्यावरचे उपाय. तिरपी अक्षरे मराठी बाजूला टाळतात. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ती मुळात नसतात आणि सरळ अक्षरेच कलती करून दाखवली जातात.