स्कॅन केलेलं खरेदीखत ८१ एमबीवरून अडीच एमबीपर्यंत कसं उतरतं

फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं १९८०च्या दशकातलं खरेदीखत हल्लीच माझ्याकडे आलं. एकूण अठरा पानं. सोळा टाइपरायटरवर इंग्रजीत उमटवलेली, आणि शेवटी मराठीत हाताने लिहिलेल्या संमतीपत्राची दोन पानं, तीही कार्बन कॉपी. दुकानातून स्कॅन करून आणलेली पीडीएफ होती ८१ एमबीची. अर्जाच्या पानावर मर्यादा ५ एमबीची. घरच्यांनी आधी ती फाइल झिप करून पाहिली, तर जेमतेम एक एमबी कमी झाली. मग एका वेबसाइटवर टाकून लहान करून घेतली. ती बसली खरी, पण सर्व्हे नंबर वाचता येईना.

जमिनीचे, सह्यांचे आणि आधार क्रमांकाचे कागद असे कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्याची गरजही नसते. फाइल एवढी जड का झाली हे कळलं की ती घरच्या संगणकावर नीट उतरवता येते.

हिशेब पिक्सेलपासून सुरू होतो. स्कॅनर कागदाची प्रत्येक इंच रेघ किती ठिपक्यांत मोजतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. दुकानातल्या यंत्रावर ६०० डीपीआय आणि रंगीत अशी सेटिंग होती. ए-फोर पान ६०० डीपीआयला ४९६० बाय ७०१६ ठिपक्यांचं होतं, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाचा कच्चा माल झाला १०४ एमबी. तेच पान ३०० डीपीआयला घेतलं तर लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या होतात, आणि ठिपके चौपट कमी होऊन ८७ लाखांवर येतात. त्यातही फक्त काळा किंवा पांढरा एवढंच नोंदवायचं ठरवलं, तर एका ठिपक्याला एक बिट पुरतो आणि कच्चा मालच एक एमबीच्या आसपास येतो. अजून कॉम्प्रेशनला हातही लावलेला नाही.

आता १०४ एमबीचं पान पीडीएफमध्ये साडेचार एमबीचं कसं झालं? ते काम जेपेगचं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात रंगाची छटा कशी चढते-उतरते ते मोजून, डोळ्याला सहज न जाणवणारे बारीक चढउतार टाकून देतं. कोऱ्या, एकसारख्या पांढऱ्या चौकोनाला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. पण आपल्याकडचा चाळीस वर्षांचा कागद कोरा राहिलेलाच नसतो. पावसाळ्याची दमट हवा खाऊन तो पिवळा पडतो, त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, मागच्या पानाचा शिक्का पुढे उमटतो. ६०० डीपीआयला कागदाचे तंतूसुद्धा दिसतात. जेपेगच्या दृष्टीने हा सगळा मजकूरच, म्हणून तो इमानेइतबारे साठवला जातो. त्या ८१ एमबीतला फार मोठा भाग अक्षरांचा नव्हताच, तो डागांचा आणि तंतूंचा होता. झिपने काही हाती लागलं नाही त्याचंही कारण इथेच आहे. जेपेगने एकदा पिळून काढलेल्या माहितीत झिपला शोधण्यासारखी पुनरावृत्ती उरत नाही.

म्हणून सगळ्या पानांना एकच सेटिंग लावणं मला पटत नाही. मूळ कागद हाताशी होते, तेव्हा आम्ही ते नव्याने स्कॅन केले आणि पानांचे तीन गट पाडले.

टाइप केलेली तेरा पानं स्वच्छ होती. ती ३०० डीपीआयला, फक्त काळ्या-पांढऱ्यात घेतली. अशा पानांना जेपेग लावायचं नसतं. फॅक्ससाठी तयार झालेली ग्रुप-४ ही पद्धत इथे चांगली चालते. ती प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहते आणि काळ्याचं पांढरं कुठे होतं, ते वरच्यापेक्षा किती सरकलं, एवढंच लिहून ठेवते. काहीही गमावत नाही, आणि टाइप केलेलं पान सहज ५०-६० केबीत बसतं. पण बुरशीचे ठिपके काळे म्हणून उमटले, तर प्रत्येक ठिपका नवा बदल ठरतो आणि तेच पान दोनशे केबीवर जातं. काळं कुठून धरायचं ती उजेडाची रेषा सरकवून डाग पांढऱ्यात ढकलायचे, पण अक्षरांच्या बारीक रेघा तुटू लागल्या की थांबायचं. मागच्या बाजूची शाई पुढे दिसत असेल तर स्कॅन करताना पानाच्या पाठीशी काळा कागद ठेवावा. साधा उपाय आहे, पण त्याने खूप फरक पडतो.

संमतीपत्राची दोन कार्बन पानं काळ्या-पांढऱ्यात घेणं चूक ठरलं असतं. फिकट निळसर अक्षरांचे तुकडे झाले असते. ती २०० डीपीआयला करड्या छटांत घेतली, प्रत्येकी सुमारे अडीचशे केबी. उरलेली तीन पानं म्हणजे स्टॅम्प पेपर आणि जांभळ्या शिक्क्यांची पानं. शिक्का सहीवर पडला असेल तर रंगामुळेच दोन्ही वेगळे ओळखता येतात, म्हणून ती रंगीतच ठेवली, पण २०० डीपीआयला आणि मध्यम जेपेग दर्जावर. त्याआधी कागदाचा पिवळेपणा पार्श्वभूमी उजळून घालवला. प्रत्येकी चारशे केबी. सगळं मिळून फाइल झाली २.४ एमबी, आणि वाचायला आधीपेक्षा स्वच्छ.

किती खाली उतरायचं याची माझी कसोटी आहे पानावरचा सर्वांत लहान ठिपका. क्षेत्रफळाच्या आकड्यातलं दशांशचिन्ह किंवा मराठी अक्षरावरचा अनुस्वार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयला तो सहा ठिपके रुंद येतो, १५० ला तीन, आणि ७२ ला दीड ठिपकासुद्धा भरत नाही. तीन ठिपके असले तर डोळा तो ओळखतो. दीड ठिपक्याचा अनुस्वार शिरोरेषेत विरघळून जातो आणि क्षेत्रफळ लिहिलेल्या आकड्यातला टिंब गायब होतो. डाग पुसणारी सोय तर याहून धोक्याची, कारण तिला बुरशीचा ठिपका आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. ती लावायचीच असेल तर लावण्याआधीचं आणि नंतरचं पान शंभर टक्के आकारात शेजारी शेजारी ठेवून आकड्यांची ओळ वाचावी.

इथे २०१३ सालची एक घटना सांगायलाच हवी. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकामाच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं बदलली होती. २१.११ आणि १७.४२ या आकड्यांच्या जागी १४.१३ छापून आलं होतं, अगदी सुबक आणि ठळक. कारण होतं जेबिग-२ नावाचं कॉम्प्रेशन. ते पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधतं आणि एकच तुकडा साठवून सगळीकडे चिकटवतं. सारखेपणाची अट सैल पडली की सहाच्या जागी आठ बसू शकतो. कंपनीने नंतर यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती दिली. जेपेग बिघडलं तर अक्षर धूसर होतं आणि आपण सावध होतो. इथे चुकीचा आकडा स्वच्छ दिसतो, हा खरा धोका. काहीही न गमावणारं जेबिग-२ही असतं आणि ते सुरक्षित आहे. पण यंत्रावर नुसतं "जास्त कॉम्प्रेशन" एवढंच लिहिलेलं असेल, तर जमिनीच्या कागदांसाठी मी ते निवडणार नाही.

मूळ कागद हाताशी नसेल आणि फक्त जड पीडीएफ असेल, तर आधी आत काय आहे ते पाहावं. पॉपलर या मोफत साधनसंचातली एक आज्ञा ते दाखवते:

```
pdfimages -list khat.pdf
```

पीडीएफमधल्या प्रत्येक चित्रासाठी एक ओळ येते. त्यात `color` खाली रंगीत की करडं, `enc` खाली कॉम्प्रेशन आणि `x-ppi` खाली प्रत्यक्ष डीपीआय दिसतो. तिथे ६०० असेल तर घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या मोफत साधनाने १५० वर आणता येतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook \
   -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf khat.pdf
```

`/ebook` ऐवजी `/screen` लिहिलं तर रंगीत आणि करडी चित्रं ७२ वर येतात, आणि वर सांगितलेला अनुस्वार तिथेच जातो. लहान केलेली फाइल पुन्हा लहान करायची नाही. जेपेग प्रत्येक वेळी नव्याने काहीतरी टाकून देतं, म्हणून नवा प्रयत्न कायम मूळ फाइलवरूनच करायचा.

कधी कधी ही आज्ञा चालवूनही फाइल तसूभर हलत नाही. मोबाइलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ असली की असं हमखास होतं. ३०२४ बाय ४०३२ ठिपक्यांचा फोटो काही ॲप ७२ डीपीआय समजून पानावर ठेवतात, त्यामुळे पान ४२ बाय ५६ इंचांचं होतं, जवळजवळ दाराएवढं. घोस्टस्क्रिप्टला डीपीआय आधीच ७२ दिसतो, कमी करण्यासारखं काही नाही असं ते ठरवतं. फाइलच्या माहितीत पानाचा आकार पाहिला की हे लगेच कळतं. अशा वेळी आधी पान ए-फोरमध्ये बसवायला सांगावं लागतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -sPAPERSIZE=a4 -dFIXEDMEDIA -dPDFFitPage \
   -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH \
   -sOutputFile=lahan.pdf photo.pdf
```

आता तोच फोटो सव्वाआठ इंचांत बसतो, डीपीआय ३६६च्या आसपास दिसतो, आणि तो १५० वर येतो.

संकेतस्थळावरून थेट उतरवलेला उतारा किंवा दाखला मात्र या कशातून नेऊ नये. त्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात, म्हणून फाइल मुळातच हलकी असते. छापून पुन्हा स्कॅन केलं की ती चित्र होऊन कितीतरी पट फुगते. त्यावर डिजिटल सही असेल तर घोस्टस्क्रिप्ट फाइल नव्याने लिहितं आणि सहीची वैधताच जाते. अशी पीडीएफ जशी आली तशीच जोडायची, आणि अनेक कागद एकत्र करायला सांगितले असतील तर ती वेगळी देता येईल का हे आधी विचारून घ्यायचं.