सरासरी परतावा, सरासरी वेग आणि तुमच्या पैशाचा हिशेब
आमच्या म्युच्युअल फंड ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर वर्षी कुणीतरी ग्राहक एखादी जाहिरात घेऊन येतात. त्यात ‘सरासरी परतावा’ ठसठशीत छापलेला असतो, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो: माझे पैसे इतके का वाढले नाहीत? बहुतेक वेळा पैसे कुठे गेलेले नसतात, सरासरी चुकीच्या प्रकारची काढलेली असते.

एक खरं उदाहरण घेऊ. 2007 संपताना सेन्सेक्स 20,286.99 वर होता. 2008 च्या अखेरीस तो 9,647.31 वर आला, म्हणजे सुमारे 52.4 टक्के घसरला. 2009 मध्ये तो 81 टक्के चढून 17,464.81 वर बंद झाला. उणे 52.4 आणि अधिक 81 यांची साधी सरासरी काढली तर वर्षाला 14.3 टक्के फायदा दिसतो. आता निर्देशांकाइतकेच हलणारे एक लाख रुपये डोळ्यांसमोर आणा. पहिल्या वर्षी त्यांचे 47,554 झाले आणि दुसऱ्या वर्षी 86,089. कागदावर फायदा आहे आणि हातात जवळपास चौदा हजारांचा तोटा. (लाभांश यात धरलेला नाही.)

असं होतं, कारण 81 टक्क्यांची वाढ मूळ लाखावर झालीच नाही, ती उरलेल्या 47,554 रुपयांवर झाली. 52.4 टक्के गमावल्यावर नुसतं मुद्दलापर्यंत परत यायला 110 टक्के वाढ लागते. परतावे एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना गुणत जातात. म्हणून इथे भूमितीमध्य लागतो. दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या शिरोलंबाबरोबर भेटला होता, तोच हा. शेवटच्या किमतीला सुरुवातीच्या किमतीने भागायचं, जितकी वर्षं तितकं मूळ काढायचं आणि एक वजा करायचा. एक्सेलमध्ये असं लिहा:

```
=(17464.81/20286.99)^(1/2)-1
```

उत्तर उणे 7.2 टक्के येतं. फंडांच्या फॅक्टशीटवर सीएजीआर म्हणून असतो तो हाच दर. आकडे दर वर्षी सारखेच असतील तर दोन्ही सरासऱ्या एकच येतात. चढउतार जितके मोठे, तितकी साधी सरासरी फुगते. त्यामुळे कुणी नुसता सरासरी परतावा सांगितला, तर सुरुवातीची आणि शेवटची रक्कम विचारा. त्या दोन रकमा कळल्या की कुठलाही आकडा तपासता येतो.

आता एसआयपी. इथे तिसरीच सरासरी लागते. ती आधी रस्त्यावर पाहू, कारण रस्त्यावर ती पटकन पटते. पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. जाताना घाटामुळे वेग ताशी 40 पडला आणि येताना 60. सरासरी 50 वाटते, पण जायला तीन तास लागले आणि यायला दोन. 240 किलोमीटरला पाच तास, म्हणजे ताशी 48. कमी वेगात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त पडतं. हा हरात्मक मध्य. अंतर सारखं असेल तेव्हाच तो लागू होतो. दोन तास 40 ने आणि दोन तास 60 ने गाडी चालवली असती, तर 50 हेच बरोबर उत्तर होतं.

एसआयपीत अंतराच्या जागी तुमचा ठरलेला हप्ता असतो. समजा, 5,000 रुपयांच्या तीन हप्त्यांच्या वेळी एनएव्ही 50, 40 आणि 25 रुपये होती. युनिट मिळाली 100, 125 आणि 200, एकूण 425. पंधरा हजारांना 425 ने भागलं की युनिटमागे 35.29 रुपये पडले. तिन्ही एनएव्हींची साधी सरासरी मात्र 38.33 आहे. स्वस्तात जास्त युनिट आली, त्याचा हा परिणाम. एक्सेलमध्ये `=HARMEAN(50,40,25)` हेच उत्तर देतं.

हा फरक दाखवून ‘एसआयपीत नेहमी फायदाच’ असं सांगितलं जातं, आणि ते आम्हाला मुळीच मान्य नाही. एनएव्ही वरखाली झाली की हरात्मक मध्य साध्या सरासरीपेक्षा कमी येणारच, तो गणिताचा नियम आहे. नफा ठरतो आजच्या एनएव्हीवर. वरच्या उदाहरणात ती 25 आहे, म्हणून 425 युनिटांचे 10,625 रुपये होतात. युनिट सरासरीपेक्षा स्वस्त पडली, तरीही 4,375 रुपयांचा तोटा.

एसआयपीचा वार्षिक दर काढताना सीएजीआरचं वरचं सूत्रही वापरू नका. ते एकदाच भरलेल्या आणि मध्ये न हललेल्या रकमेसाठी आहे. पहिला हप्ता तीन वर्षं गुंतलेला असतो तर शेवटचा महिनाभर, म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख धरावी लागते. एक्सेलमधलं `XIRR` ते करतं. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात भरलेले हप्ते उणे चिन्हासह, आणि शेवटी आजच्या तारखेसमोर आजचं मूल्य अधिक चिन्हाने. सगळी गुंतवणूक वर्षाच्या आतली असेल तर हा दर भडक दिसतो, तेव्हा सरळ रुपयांतला नफा-तोटा पाहा.

आमच्याकडून मिळणाऱ्या तिमाही पत्रकात एकरकमी गुंतवणुकीसमोर सीएजीआर आणि एसआयपीसमोर एक्सआयआरआर छापलेला असतो. दोन्हींच्या शेजारी भरलेली रक्कम आणि आजचं मूल्य रुपयांत आहे. आकडा जुळत नाही असं वाटलं, तर पत्रक घेऊन ऑफिसात या, तुमच्यासमोर तारखा घालून पुन्हा काढून देऊ.