ज्ञानाचं घर कोणी बांधलं?

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एक बाई घर बांधते. सात खांब घडवते, जनावर कापते, द्राक्षारस तयार करते, ताटं मांडते आणि दासींना पाठवून अजाण लोकांना जेवायला बोलावते. या बाईचं नाव ज्ञान. मूळ हिब्रूत तिला ‘खोख्मा’ म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत ज्ञान नपुंसकलिंगी. या एका फरकामुळे धुळे-नंदुरबारकडच्या चर्चमध्ये हा अध्याय मराठीतून वाचला जातो तेव्हा ती बाई ऐकणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकते. ती कुठे आणि कशी निसटते, हे वाक्य उसवून पाहिलं तर नीट दिसतं.

हिब्रूत दोनच लिंगं. प्रत्येक नामाला त्यांपैकी एक घ्यावंच लागतं, म्हणून खोख्मा स्त्रीलिंगी आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण लेखकाने व्याकरणाने दिलेलं लिंग उचलून त्यावर माणूस उभा केला आहे. सातव्या अध्यायात तो तरुणाला सांगतो, ज्ञानाला ‘तू माझी बहीण’ म्हण. नवव्यात तिला घर आणि दासी देतो. मग याच अध्यायाच्या शेवटी तिच्यासमोर दुसरी बाई आणतो. ती मूर्खपणाची मूर्ती आहे. तीही आपल्या घराच्या दारात बसून वाटसरूंना हाक मारते, आणि दोघींच्या हाकेचं पहिलं वाक्य अगदी एकच आहे: जो भोळा असेल त्याने इकडे वळावं. दोन बाया, दोन घरं, एकच हाक, आणि तरुणाने निवड करायची. सगळ्या अध्यायाची रचना या जोडीवर उभी आहे.

ग्रीकमध्ये हा मजकूर गेला तेव्हा अडचण आली नाही, कारण ‘सोफिया’ स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये ‘सापिएन्तिया’, तीही स्त्रीलिंगी. मराठीपर्यंत येताना मात्र हे नशीब संपतं.

आता पहिलंच वाक्य घेऊ. हिब्रूत ‘ज्ञानाने आपलं घर बांधलं’ हे तीन शब्दांत आहे. नाम स्त्रीलिंगी, ‘बांधलं’ हे क्रियापद स्त्रीलिंगी, आणि घराला जोडलेलं ‘तिचं’ हेही स्त्रीलिंगी. तीन शब्दांत तीनदा बाई ऐकू येते. मराठीत ‘बांधलं’ हे रूप घराप्रमाणे चालतं, बांधणाऱ्याप्रमाणे नाही. बाईने बांधलं, बुवाने बांधलं, पोराने बांधलं, क्रियापद तेच. ‘आपलं’ हा शब्दही कर्त्याचं लिंग सांगत नाही. म्हणजे हिब्रूत तीनदा वाजणारी खूण मराठीत एकदाही वाजत नाही. पुढे खांब घडवले, जनावर कापलं, ताटं मांडली, दासी पाठवल्या, ही सगळी सकर्मक क्रियापदं भूतकाळात आहेत, त्यामुळे तिथेही तीच गत.

मध्ये सर्वनाम आलं की खरा घोटाळा होतो. ‘ते ज्ञान’ नपुंसकलिंगी असलं तरी ‘ने’ किंवा ‘ला’ लागला की त्याचं ‘त्याने’, ‘त्याला’ होतं. पुल्लिंगी ‘तो’चंही नेमकं तेच होतं. विभक्तीत मराठीची ही दोन लिंगं एकमेकांत मिसळतात. ‘ज्ञानाने घर बांधलं, त्याने सात खांब घडवले, त्याने दासी पाठवल्या’ असं ऐकलं की कानाला नपुंसकलिंग उरत नाही, पुरुष उरतो. पैसेवाला, दासी बाळगणारा कोणी घरधनी डोळ्यांसमोर येतो. आणि अध्यायाच्या शेवटी मूर्खपणा येतो तो ‘मूर्ख स्त्री’ म्हणून, कारण तिथे मूळातच ‘स्त्री’ हा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे भली बाई व्याकरणात विरघळली आणि वाईट तेवढी बाई राहिली. हे मला फार गंभीर वाटतं. लेखकाने कल्पिलेल्या दोन बायांपैकी नेमकी आदरणीय ती गाळायची, असं कोणाच्याच मनात नसताना घडतं.

हे घडलं की नाही, ते तपासायची साधी रीत भाषांतरकार वापरतात. उतारा गावात मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि विचारायचं: घर बांधणारा कोण? तो दिसतो कसा? उत्तरात ‘तो माणूस’ आलं, की समजायचं सर्वनामाने दगा दिला.

व्याकरणातलं लिंग माणसाच्या कल्पनेत खरंच शिरतं का? २०११ साली एडवर्ड सेगेल आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी युरोपातल्या चित्रांत आणि शिल्पांत न्याय, मृत्यू, काळ अशा अमूर्त गोष्टी बाईच्या की पुरुषाच्या रूपात दाखवल्या आहेत ते मोजलं. सुमारे ७८ टक्के वेळा कलाकाराच्या भाषेतलं लिंग आणि चित्रातलं लिंग जुळलं. यातला काही भाग जुन्या ग्रीक-लॅटिन चित्रपरंपरेचाही असणार, कारण कलाकार एकमेकांचं पाहून काढतात. ‘पूल’ किंवा ‘किल्ली’ यांसारख्या निर्जीव वस्तूंबद्दलचे असेच दावे मात्र पुढच्या प्रयोगांत डळमळले. तरी अमूर्ताला माणूस करायची वेळ आली की लिंग कल्पनेत डोकावतं, हे आपल्याला घरातही दिसतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी नपुंसकलिंगी मनाला उभ्या पिकातलं ढोर केलं, पाखरू केलं. विद्येची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी सरसोतीला माय म्हटलं.

मग भाषांतरकाराने करायचं काय? मराठीत प्रत्ययागणिक लिंग बदलतं, हा मोठा दिलासा. शहाणपण नपुंसकलिंगी, शहाणपणा पुल्लिंगी, सुज्ञता स्त्रीलिंगी. बुद्धी, प्रज्ञा, अक्कल याही स्त्रीलिंगी. पण खोख्मेच्या अर्थात हाताचं कसबही येतं. ‘निर्गम’ या पुस्तकात सूत कातणाऱ्या बायांनाही तोच शब्द लावला आहे. तिथे प्रज्ञा फार उंचावर जाते आणि अक्कल फार रोखठोक होते. ‘ज्ञानबाई’ म्हणावं, तर श्रावणात कानबाई बसवणाऱ्या खान्देशात ती लगेच देवी होईल, आणि मजकुरातली खोख्मा स्वतंत्र देवी नाही, ती देवाकडून आलेली आहे. मला ‘सुज्ञता’ बरी वाटते, पण नाम बदलून भागत नाही. जिथे कर्ता लपतो तिथे ‘तिने’ मुद्दाम पुन्हा पुन्हा घालावं लागतं.

आठव्या अध्यायात खोख्मा स्वतः बोलते, तिथे चित्र उलटतं. हिब्रूत ‘मी राहते’ या रूपात लिंग नसतं. प्रमाण मराठीत मात्र ‘राहतो’ की ‘राहते’ ते ठरवावंच लागतं, आणि मोठं माणूस स्वतःबद्दल नपुंसकलिंगात बोलत नाही. म्हणजे ‘ज्ञान’ हा शब्द ठेवला, तर ते बोलायला लागताच भाषांतरकाराला बाई किंवा पुरुष निवडावाच लागतो. अहिराणीत ही सक्ती नाही. ‘मी ऱ्हास’ हे बाई म्हणते, पुरुषही म्हणतो. या एका जागी खान्देशची बोली प्रमाण मराठीपेक्षा हिब्रूच्या जवळ जाते.

तिसाव्या वचनात खोख्मा सांगते की जग घडत होतं तेव्हा मी देवापुढे खेळत होते. या ‘खेळत’साठीचं हिब्रू रूप स्त्रीलिंगी आहे. त्याच वचनात तिला ‘आमोन’ म्हटलं आहे. त्याचा अर्थ कुशल कारागीर की मांडीवरचं लेकरू, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कारागीर धरला, तर मराठीत पुन्हा पुल्लिंगी शब्द येतो आणि पुढच्याच ओळीत ‘खेळत होते’ त्याच्याशी भांडतं. लेकरू धरलं, तर नपुंसकलिंग परत येतं, पण या वेळी ते कानाला टोचत नाही, कारण लेकराला मराठीत ‘ते’च म्हणतात.