प्रमाणपत्र, सर्टिफिकेशन, डिप्लोमा, लायसन की डिग्री? दहावी झालेल्या मुलामुलींसाठी, इलेक्ट्रिकच्या धंद्यातून

आम्ही अमळनेरात घरांचं आणि शेतांचं वायरिंग करतो, मोटारी भरतो, छतावर सोलर बसवतो. अंदाजपत्रक घ्यायला आलेला माणूस निघता निघता हमखास विचारतो, "पोरगं दहावी झालं, तुमच्या लाइनीत घालायचं म्हणतो, कोणता कोर्स करू?" काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. आमच्या धंद्यात पाचही प्रकारचे कागद लागतात, त्यामुळे त्यांतला फरक इथे समजायला सोपा जातो.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. दहावीला 58 टक्के पडले. तालुक्याच्या गावी एका खासगी क्लासने सहा महिन्यांत 'डिप्लोमा इन इलेक्ट्रिकल' देऊ केला. घरच्यांनी कापूस विकून फी भरली. कागद आला तो जाड, सोनेरी कडेचा, लॅमिनेट केलेला. तो घेऊन भाचा वायरमन परमिटसाठी गेला आणि अर्ज परत आला. दुकानात येऊन म्हणाला, "मामा, डिप्लोमा करेल शे ना, मंग परमिट काब्र भेटत नही?" त्या कागदावर क्लासच्या मालकाशिवाय कोणाचीच सही नव्हती. तंत्रशिक्षण मंडळ नाही, केंद्र सरकारचं प्रशिक्षण महासंचालनालय नाही. त्या पोराने सहा महिने मनापासून शिकलं होतं, पण सरकारदरबारी त्याचं शिक्षण दहावीच राहिलं. मी आधी विचारलं असतं तर ते पैसे वाचले असते, ही बोच मला अजून आहे.

म्हणून कागदावर नाव काय छापलंय ते नंतर बघा. आधी सही कोणाची आहे आणि त्या कागदावर पुढे काय करता येतं ते बघा.

प्रमाणपत्र म्हणजे अमुक एक शिक्षण पुरं केल्याचा दाखला. आमच्या लाइनीतलं खरं प्रमाणपत्र आयटीआयचं. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि दहावीला विज्ञान व गणित लागतं. अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं आणि ऑनलाइन तपासता येतं. खासगी आयटीआयत प्रवेश घेताना एक गोष्ट विसरू नका. संलग्नता नुसत्या संस्थेला नसते, ट्रेडनुसार असते. फिटरला मान्यता असलेल्या संस्थेला इलेक्ट्रिशियनला असेलच असं नाही.

सर्टिफिकेशन ऐकायला तसंच वाटतं, पण वेगळं आहे. तिथे तुम्ही कुठे शिकलात याला फार महत्त्व नसतं. शिकवणाऱ्याहून वेगळी संस्था परीक्षा घेते आणि या माणसाला हे काम येतं असं सांगते. पुष्कळदा त्याला मुदतही असते. कॉम्प्युटर नेटवर्कवाल्यांचं सीसीएनए घ्या, तीन वर्षांनी ते परत मिळवावं लागतं. सोलरमध्येही अशी कौशल्य परीक्षा असते. माझं मत विचाराल तर दहावीनंतर लगेच त्यामागे धावू नये. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या पायावर ते शोभतं, नुसतं असेल तर तग धरत नाही.

डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निकची तीन वर्षं. दहावीला किमान 35 टक्के लागतात आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. प्रवेशाच्या सरकारी फेरीत प्रत्येक संस्थेला कोड असतो. एखाद्याने 'आमचाही डिप्लोमाच' म्हटलं, तर कोड विचारा. 'डिप्लोमा' हा शब्द कोणीही छापू शकतो, कोड मात्र घरी छापता येत नाही.

डिग्री फक्त विद्यापीठ किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली आयआयटीसारखी संस्थाच देऊ शकते, तसा कायदाच आहे. बारावी सायन्स आणि सीईटीनंतर इंजिनिअरिंगची चार वर्षं लागतात. डिप्लोमा झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीनच. आता कागदावर मांडून बघा. सोळाव्या वर्षी दहावी झाली, तर बारावीच्या वाटेने डिग्री बाविसाव्या वर्षी, आणि डिप्लोमाच्या वाटेनेही बाविसाव्याच. दोन वर्षांची आयटीआय झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तो तेविसाव्या वर्षी डिग्री घेऊ शकतो. फरक एका वर्षाचा, आणि तोवर हातात काम असतं. 'आयटीआय केली म्हणजे शिक्षण संपलं' असं घरोघरी म्हणतात, ते म्हणूनच खरं नाही.

आता लायसन. आधीचे कागद काय शिकलात ते सांगतात, लायसन काय करायला परवानगी आहे ते सांगतं. ग्राहकाच्या जागेतलं वायरिंग राज्य सरकारचं लायसन असलेल्या कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडूनच करायचं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याला त्यातून सूट आहे, नवीन वायरिंगला नाही. गंमत बघा, सुपरवायझरच्या कागदाचं नाव 'प्रमाणपत्र', पण काम लायसनचं. म्हणूनच नुसत्या नावावर जाऊ नका म्हटलं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. नवीन घराचं वायरिंग झालं की आम्ही मेगर नावाचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावतो. 500 व्होल्ट डीसी एक मिनिट देऊन तार आणि अर्थिंगमधला इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे. तो त्याखाली आला, तर कुठेतरी तार सोलली गेली आहे किंवा बॉक्समध्ये ओल आहे. ते शोधून नीट केल्यावरच टेस्ट रिपोर्टवर सही होते, लायसन नंबर लागतो आणि तो रिपोर्ट महावितरणच्या जोडणीसाठी जातो. इंजिनिअरिंगची डिग्री असलेला हुशार मुलगा समोर असला, तरी लायसन नसेल तर तो ही सही करू शकत नाही. कारण सही करणारा त्या कामाला जबाबदार असतो आणि चूक केली तर त्याचं लायसन जाऊ शकतं. डिग्री अशी कोणी काढून घेत नाही. लायसनचं नूतनीकरणही ठराविक मुदतीने करावं लागतं, डिग्रीचं लागत नाही.

मोठा कागद असला की लहान आपोआप चालतो, हाही एक गैरसमज. विद्युत सहाय्यकाच्या भरतीत महावितरण आयटीआय मागत आलं आहे. तिथे नुसत्या डिग्रीवर भागत नाही.

भाच्याने मग शासकीय आयटीआयत नाव घातलं. दोन वर्षांनी प्रमाणपत्र आणि पुढचं वर्ष शिकाऊ उमेदवारी. त्याचा वेगळा राष्ट्रीय दाखला असतो आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. मग परमिट. आज तो खांबावर आणि मीटरच्या पेटीत आमच्याबरोबर काम करतो, आणि आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं विचारतो आहे. डिप्लोमा झाला की त्या पात्रतेवर, अनुभवाचे दाखले जोडून, सुपरवायझरसाठी अर्ज करता येईल. पुढे स्वतःचं कंत्राटदाराचं लायसन काढायचं, तर सुपरवायझर स्वतः असावं लागतं किंवा पगारावर ठेवावा लागतो.

कुठेही फी भरण्याआधी त्या संस्थेचं माहितीपत्रक आणि पोराची किंवा पोरीची मार्कशीट घेऊन दुकानात या. कोड आणि ट्रेडची मान्यता बघून देतो. त्याचे पैसे घेत नाही.