बिल चुकलंय की बिल झेपत नाही? एका कागदावर दोन्ही लिहू नका

अनेक महिने मीटरचं रीडिंग न घेता सरासरीची बिलं येतात. मग एक दिवस कुणीतरी रीडिंग घेऊन जातो आणि पुढच्या बिलावर पाच आकडी रक्कम छापून येते. माणूस हबकतो आणि वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज देतो: "बिल चुकीचे आहे, तरी कृपया हप्ते बांधून द्यावेत." हा अर्ज मी इतक्या वेळा वाचला आहे की आता पाठ झालाय. त्यात दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दुसरी पहिलीला मारते.

हप्ता कसा मागतात हे सगळ्यांनाच माहीत असतं: साधा अर्ज, बिलाची प्रत, ग्राहक क्रमांक, थोडी रक्कम आत्ता आणि उरलेली अमुक महिन्यांत. त्यावर शब्द वाया घालवत नाही. काउंटरवर किंवा ॲपमध्ये जमेल तेवढे पैसे भरणं म्हणजे हप्ते लागणं नव्हे, एवढंच सांगतो. लेखी मंजुरी नसेल तर उरलेली रक्कम थकबाकीच राहते आणि वीज तोडण्याच्या यादीत तुमचं नाव येतं. "वायरमनला सांगून ठेवलंय" याला त्या यादीत काही किंमत नाही.

आता जिथे लोक खरोखर घसरतात ते. बिल दुरुस्तीच्या अर्जात तुम्ही म्हणता, रक्कम बरोबर नाही, हिशेब पुन्हा करा. हप्त्याच्या अर्जात तुम्ही म्हणता, रक्कम मान्य आहे, फक्त एकदम जमत नाही. दोन्ही एका कागदावर आले की टेबलापलीकडचा माणूस सोपी मागणी उचलतो. हप्ते बांधले जातात, हमीपत्रावर सही होते आणि चुकीचाच आकडा समान भागांत वाटला जातो. तीन महिन्यांनी दुरुस्तीची आठवण करून द्यायला जावं, तर तुमच्याच सहीचा कागद पुढे येतो.

म्हणून दुरुस्ती आधी, हप्ते नंतर. दुरुस्ती कशाची मागायची, हे एका उदाहरणाने बघू. समजा, एका घराला दहा महिने दरमहा 100 युनिटची सरासरी बिलं आली आणि ती वेळेवर भरली गेली. प्रत्यक्षात घर महिन्याला 160 युनिट वापरत होतं. अकराव्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं. अकरा महिन्यांचा वापर 1760, बिलं झाली 1000 ची, म्हणजे 760 युनिट उरले. इथपर्यंत वाद नाही, ती वीज वापरली आहे.

वाद आहे तो या 760 युनिटना दर कोणता लागला याचा. महावितरणच्या घरगुती दरात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत, आणि वरच्या टप्प्याचा दर चढा. सगळे 760 युनिट एकाच महिन्यात धरले तर 100 पहिल्या टप्प्यात बसतात, 200 दुसऱ्यात, 200 तिसऱ्यात आणि 260 सगळ्यात महागड्या टप्प्यात. महिन्यांवर वाटून धरले तर मागच्या दहा महिन्यांचे जादा 60-60 युनिट दुसऱ्याच टप्प्यात येतात, आणि चालू महिन्याचे 100 पहिल्यात, 60 दुसऱ्यात. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात एकही युनिट जात नाही. म्हणजे 460 युनिटना विनाकारण चढा दर लागला. बिल 13,000 च्या घरात आलं असेल तर ते 10,000 च्या आसपास यायला हवं. पुष्कळदा संगणक ही वाटणी आपोआप करतो, पण ती झालीय असं गृहीत धरू नका. टप्पेनिहाय युनिट बिलाशी ताडून बघा. कार्यालयातून सीपीएल, म्हणजे तुमच्या खात्याचा महिनावार उतारा, मागून घ्या. त्यात कोणत्या महिन्यात खरं रीडिंग आहे आणि कुठे सरासरी टाकली आहे, हे एका नजरेत दिसतं.

मीटरच बंद पडला होता की मीटर ठीक होता आणि रीडिंग घेतलं नव्हतं, हेही त्याच उताऱ्यावरून आणि मीटर तपासणीच्या अहवालावरून ठरतं. हा फरक मोठा आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेनुसार बंद मीटरच्या काळासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच आकारणी करता येते. मीटर नीट चालत होता, तर ही सवलत नाही.

"पण दुरुस्ती होईपर्यंत वीज तोडली तर?" या भीतीपोटीच लोक घाईने हप्त्यांवर सही करतात. त्याचं उत्तर वीज कायदा 2003 च्या कलम 56 मध्ये आहे. तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय रकमेबद्दल वाद असेल, तर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी मासिक रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वरच्या घराची सरासरी समजा 900 रुपये असेल, तर दरमहा तेवढे भरायचे. हा हप्ता नव्हे. पैसे भरताना "हक्क राखून, निषेधासह, कलम 56 खाली" असं लिहून द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज मी अर्ज मानत नाही. (हे कलम फक्त विजेचं. नगरपालिकेच्या पाणीपट्टीला ते लागू नाही. तिथेही दुरुस्तीचा आणि हप्त्यांचा अर्ज वेगळाच द्या.)

दुरुस्त बिल हातात आलं की मग हप्ते. 10,000 पैकी चालू महिन्याचे सुमारे 1,700 लगेच भरा आणि उरलेल्या 8,300 साठी दहा हप्ते मागा. चूक जितके महिने साचली तितके महिने फेडायला मिळावेत, ही माझी ठाम भूमिका. सहावर अडवतील, तरी मागणी दहाचीच करा. आणि अर्जात एक वाक्य हवंच: ही रक्कम बिल न भरल्यामुळे थकलेली नाही, रीडिंग न घेतल्यामुळे साचली आहे, म्हणून तिच्यावर विलंब आकार आणि व्याज लावू नये. नेहमीच्या थकबाकीदारासारखा छापील नमुना भरून दिलात, तर व्याजही त्याच्यासारखंच लागेल.

कार्यालय दाद देत नसेल, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि तिथे समाधान झालं नाही तर मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे. चूक कंपनीची असेल तेव्हा विलंब आकार आणि व्याजाशिवाय समान मासिक हप्ते द्या, असे आदेश तिथून अनेकदा निघतात. मात्र त्यांत बहुधा एक अट असते: हप्ता चुकला की त्या प्रमाणात व्याज सुरू. आणि हप्ता भरला पण त्या महिन्याचं चालू बिल राहिलं, तर ती नवी थकबाकी होते.